पावती क्रमांक ११७ रद्द

गणपती बसायला आठवडा उरला की जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, कुठल्याही गावातल्या कॉलनीच्या ग्रुपवर मंडळाची चित्रं फिरू लागतात. पहिल्या चित्रात बाप्पा, दुसऱ्यात अध्यक्ष, तिसऱ्यात उपाध्यक्षांचे सगळे उपाध्यक्ष, आणि कार्यक्रम शोधावा तर तो शेवटच्या चित्राच्या तळाशी, निळ्यावर जांभळ्या अक्षरांत. हिशोबाचं चित्र मात्र क्वचितच येतं. आलंच तर पितृपक्षात येतं, आणि तेही वहीच्या पानाचा तिरका, अंधारात काढलेला फोटो. हे असं होतं त्याला दर वेळी खोट कारण नसते. बहुतेक मंडळांत पैसा जागच्या जागी असतो. हिशोब मात्र शेवटच्या दिवशी आठवून मांडायला घेतात, आणि आठवून मांडलेला हिशोब जुळत नाही.

म्हणून एकामागून एक सरकवायच्या चित्रांची ही मालिका, ज्याला पोरं सरळ ‘कॅरोसेल’ म्हणतात, तिचं काम पावतीपुस्तक छापण्यापासून सुरू होतं. रंग आणि अक्षरं नंतर.

मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ क ते हेच. अर्ज ऑनलाइन होतो. परवानगीचा क्रमांक मिळाला की तो पावतीवर छापायचा आणि मालिकेच्या शेवटच्या चित्रावरही टाकायचा. पावतीवर ‘८० जी अंतर्गत सूट’ असं मात्र हौसेनं छापू नये. ती सूट मंजूर असलेल्या संस्थेलाच असते, आणि एखादा दुकानदार ती पावती घेऊन त्याच्या सीएकडे गेला की मंडळाचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणानं.

पावतीपुस्तकं सलग क्रमांकाची हवीत. समजा, जळगावातल्या एका कॉलनीचं मंडळ आहे, एकशे चाळीस घरं आणि रस्त्यावरची काही दुकानं. त्यांनी पन्नास पानांची तीन पुस्तकं छापली, क्रमांक १ ते १५०. पुस्तक कोणाकडे गेलं ते पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं. एक पुस्तक एका माणसाकडे, फार तर एका जोडीकडे. पुस्तक हातोहात फिरलं की शेवटी स्थळप्रतीवरचं अक्षर कोणाचं, यावरच बैठक संपते.

वर्गणी आता निम्म्याहून अधिक मोबाईलवरून येते, आणि गोंधळाचं मूळही तिथंच असतं. पैसे बापाच्या नावानं बोललेले, पाठवले मुलानं, आणि खजिनदाराच्या फोनवर नाव दिसलं सुनेचं. मग पंधरा दिवसांनी विचारणा येते, “भाऊ, मना पाचशे रुपया कोठे गयात?” उपाय साधा आहे. पैसे आले की त्याच मिनिटाला पावती फाडायची, आणि स्थळप्रतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहायचे. पाठवणाऱ्याच्या फोनवर आणि बँकेच्या उताऱ्यावर तोच क्रमांक असतो, त्यामुळे नावं कितीही वेगळी असली तरी रक्कम सापडते. क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचा असेल तर उत्तम. खातं नसेल आणि खजिनदाराचं स्वतःचं खातं वापरावंच लागलं, तर निदान पगार किंवा दुकानाचे पैसे येतात ते खातं नको. नाहीतर उतारा दाखवायची वेळ आली की माणूस अडचणीत येतो, आणि त्याची चूक काहीच नसते.

आता कार्यक्रमाची चित्रं. ती आधी जातात आणि सगळ्यांत जास्त पुढं पाठवली जातात. इन्स्टाग्रामवर उभं चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं बसतं, आणि मालिकेतल्या पहिल्या चित्राचा आकार पुढच्या सगळ्यांना लागू होतो. पहिलं चौकोनी ठेवलं तर पुढच्या उभ्या चित्रांचं डोकं आणि पाय कापले जातात, आणि पायाशीच नेमकी वेळ लिहिलेली असते. पण कॉलनीतली खरी वाटणी व्हॉट्सअॅपवर होते, आणि तिथं लोक सहा चित्रांतलं एकच निवडून माहेरी पाठवतात. म्हणून प्रत्येक चित्रावर मंडळाचं नाव, साल आणि ‘३/६’ असा अंक हवाच. तो नसला की मागच्या वर्षीचं वेळापत्रक यंदाचं म्हणून फिरतं.

‘चौथा दिवस’, ‘पाचवा दिवस’ असं लिहून भागत नाही. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला. दहा दिवसांचा उत्सव म्हणता म्हणता तारखा अकरा झाल्या, आणि पाचवा दिवस कोणता यावर घराघरांत दोन मतं. वार, तारीख आणि घड्याळाची वेळ, तिन्ही लिहायचं. ‘आरतीनंतर’ हा शब्द तर वेळापत्रकातून हद्दपारच करावा. आरती साडेसातला संपते की सव्वाआठला, हे त्या दिवशी आरत्या किती जणांना पाठ आहेत त्यावर ठरतं.

त्याच वर्षी ज्येष्ठा गौरी ३१ ऑगस्टला आल्या, पूजन १ सप्टेंबरला आणि विसर्जन २ ला. या तीन दिवशी महिलांची स्पर्धा ठेवणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोर माईक ठेवणं. तरी ती ठेवली जाते, कारण यादी करणाऱ्या बैठकीत बायका नसतात. हे तीन दिवस लहान मुलांच्या चित्रकलेला, श्लोक पाठांतराला द्यावेत. संगीतखुर्ची, उखाणे, अहिराणी गाण्यांची संध्याकाळ त्यानंतरच.

सांस्कृतिक कार्यक्रमांत सगळ्यांत जास्त फसतो तो पोरांचा नाच, आणि तोही साध्या बेरजेत. गाणं चार मिनिटांचं धरलं तरी आधीचे उतरणार, पुढचे चढणार, निवेदक नावं घेणार, यात दोन मिनिटं जातात. म्हणजे एका प्रवेशाला सहा मिनिटं. पंधरा प्रवेशांना दीड तास लागतो. साडेसातला सुरू झालं तर नऊला संपतं, बक्षिसांना आणि पाहुण्यांच्या दोन शब्दांना एक तास उरतो, आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचाच असतो. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद, हा देशभरचा नियम आहे. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट मिळू शकते, पण ते दिवस शासन ठरवतं, मंडळ नाही. कुठल्याही प्रवेशाला नाही म्हणवत नाही म्हणून पंचवीस घेतले की अडीच तास होतात. मग दहाला कोणाचं तरी चार वर्षांचं पोर राधेच्या वेशात तयार असतं आणि माईक बंद पडतो. नोंदणी पंधराला थांबवायची आणि उरलेल्यांना दुसऱ्या दिवसाची तारीख द्यायची. चित्रावर तसं आधीच लिहिलेलं असलं की भांडण कमी. गाणी एक दिवस आधी मागवून एकाच पेनड्राइव्हवर क्रमांक देऊन ठेवावीत. ऐन वेळी कोणाच्या फोनवरून गाणं लावलं की मधेच त्याच्या सासऱ्याचा फोन येतो.

पाऊस आला, वीज गेली, कार्यक्रम पुढं ढकलला, तर जुनं चित्र काढून तिथं नवीन टाकू नये. जुनं ज्यांच्याकडे गेलं ते गेलंच. वर ठळक ‘बदल’ लिहून, जुनी वेळ खोडून, नवीन वेळ दाखवणारं वेगळं चित्र पाठवायचं.

अक्षरांची एक गोष्ट सांगून पुढं जाऊ. गावच्या छापखान्यात अजूनही जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये मजकूर बनतो. तो मोबाईलवर चिकटवला की ‘वर्गणी’ची चिन्हांची खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करणं हाच मार्ग. मुक्त, हिंद, बालू असे मोकळे मिळणारे फाँट चांगले आहेत. फक्त ओळींत अंतर भरपूर ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात.

आता हिशोबाकडे. आपल्या त्या कॉलनीच्या मंडळाचं चित्र कसं दिसेल ते पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, मांडणी मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी.

पहिली ओळ: मागील शिल्लक ११,३४० रुपये. ही ओळ बहुतेक मंडळं विसरतात आणि जाणता माणूस नेमकी हीच आधी पाहतो. गेल्या वर्षीच्या चित्रावर शेवटी जो आकडा होता तोच इथं यायला हवा. आला नाही तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही.

त्याखाली जमा. देणगीदारांची नावं इथं कोंबायची नाहीत. सव्वाशे-दीडशे नावं चित्रावर बसवली तर अक्षर मुंगीएवढं होतं, आणि कोणी एकशे एक दिले, कोणी पाच हजार, हे सगळ्या जगाला दाखवायची गरजही नसते. त्याऐवजी पुस्तकवार लिहायचं. पावती १ ते ५०, ३४,१५० रुपये. ५१ ते १००, २८,६०० रुपये. १०१ ते १३८, १९,७५० रुपये. पावती क्रमांक ११७ रद्द, १३९ ते १५० कोऱ्या. एकूण वर्गणी ८२,५००, त्यात मोबाईलवरून ५१,३०० आणि रोख ३१,२००.

त्या ‘११७ रद्द’मध्ये हिशोबाचा निम्मा जीव आहे. पावती चुकते, रक्कम चुकून लिहिली जाते, कोणी फाडल्यावर माघार घेतं. अशा पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून आडवी रेघ मारायची. ग्राहकप्रत सापडत नसेल तर ती पावती रद्द नाही, हरवलेली आहे, आणि चित्रावर ‘हरवली’ असंच लिहायचं. प्रत्येक घराकडे स्वतःच्या पावतीचा क्रमांक असतो. तो कुठल्या पट्टीत येतो ते त्याला दिसतं, आणि शंका आली तर ते एक पुस्तक उघडून पन्नास रकमांची बेरीज कोणालाही करता येते. यादी न छापताही हिशोब तपासता येतो तो असा.

वर्गणीशिवाय आरतीच्या तबकात ६,२१५ आले, आणि शेवटच्या दिवशी नारळ, फळं, मोदक यांच्या लिलावातून ९,१००. तबकातले पैसे रोज रात्री मोजायचे, दोघांनी मोजायचे, दोघांनी सही करायची. अकरा दिवसांचे एकदम मोजले तर तो आकडा खरा असूनही कोणी धरत नाही. लिलावात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. बोली लागते जोरात, पैसे येतात दसऱ्यापर्यंत. बोललेले पण न आलेले पैसे जमेत धरायचे नाहीत, ‘येणे’ म्हणून वेगळे लिहायचे. इथं ९,१०० म्हणजे हातात आलेले. यंदाची जमा झाली ९७,८१५, आणि मागील शिल्लक धरून १,०९,१५५.

खर्चाच्या चित्रावर आठ ओळी पुरतात. मूर्ती, पूजा आणि गुरुजींची दक्षिणा १४,८००. मंडप व मंच २२,०००. ध्वनी व रोषणाई १२,५००. वीज २,४६०. स्पर्धा, बक्षिसं, सांस्कृतिक कार्यक्रम ११,७३०. महाप्रसाद २४,३६५. विसर्जनाचा ट्रॅक्टर आणि लेझीम पथक ६,५००. छपाई व किरकोळ २,१४०. एकूण ९६,४९५. ‘किरकोळ’ ही ओळ फुगली की समजावं, बिलं हरवली आहेत. ट्रॅक्टरवाला, फुलवाला छापील बिल देत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. मंडळानं स्वतःच्या व्हाउचरवर काम, रक्कम, तारीख लिहून त्यांची सही घ्यायची आणि खाली देणाऱ्यानंही सही करायची, एवढंच.

सगळ्यांत मोठी ओळ पुढच्या चित्रात उघडायची. इथं ती महाप्रसादाची आहे. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा बेत, चारशे ताटं. माणशी सव्वाशे ग्रॅम रवाळ पीठ धरलं तर पन्नास किलो लागतं, आणि तेवढा गहू एका घरानं दिला. तो रुपयांत मांडायचा नाही. जमेत दोन हजार आणि खर्चात दोन हजार असं लिहिलं की बेरीज जुळते खरी, पण बँकेत न आलेला पैसा जमेत दिसू लागतो आणि सगळं गढूळ होतं. ‘वस्तुरूपात: गहू ५० किलो’ अशी वेगळी ओळ पुरे. मग किराणा-भाजी ७,८६५, तेल-तूप ८,१००, आचारी व मदतनीस ५,०००, गॅस १,९००, पत्रावळी-पाणी १,५००. ताटामागं साधारण ६१ रुपये. तेल-तुपाचा आकडा पाहून कोणीतरी भुवया उंचावतंच. पण बट्टी उकडून तळायची असेल तर ती तेल पिते, आणि तुपाशिवाय वाढली तर खानदेशात पंगत उठायच्या आधी टीका उठते. भेंडीची भाजी आणि पोळीचा बेत करून हा खर्च कमी होईल, असं सुचवणारा एक जण दर वर्षी असतो. त्याला पुढच्या वर्षी आचाऱ्याशी बोलायला पाठवावं.

शेवटी शिल्लक १२,६६०. हा आकडा नुसता लिहून थांबायचं नाही, तो पैसा आत्ता कुठं आहे ते लिहायचं. बँकेत ८,९००, खजिनदाराकडे रोख ७६०, आणि तात्पुरत्या वीजजोडणीची अनामत ३,००० परत येणे. अनामत हा खर्च नाही. ती खर्चात टाकली तर शिल्लक तीन हजारांनी कमी दिसते, आणि दोन-तीन महिन्यांनी ती रक्कम परत येते तेव्हा मंडळाचं कामकाज थांबलेलं असतं, तिची नोंद कुठंच होत नाही. मंडळांतले पैसे ‘जातात’ ते बरेचदा असे, कोणाच्याही खिशात न जाता.

एक जमाखर्च असा असतो की त्यात जमा आणि खर्च पैशा-पैशानं समान येतात आणि शिल्लक शून्य. असा हिशोब दिसला की तो मागून पुढं लिहिलेला आहे असं धरून चालावं. प्रत्येक खर्च पूर्ण हजारात दिसला तरी तेच.

चित्र बनवण्याआधी बँक, रोख आणि येणे यांची बेरीज वहीतल्या शिलकेशी ताडून पाहायची. फरक आला तर सगळी बिलं पुन्हा उपसायच्या आधी फरकाला नऊनं भागावं. समजा वहीत शिल्लक १२,४८० निघते आणि हातात १२,६६० आहेत. फरक १८०. नऊनं पूर्ण भाग जातो, म्हणजे बहुधा कुठंतरी शेजारचे दोन अंक उलटले आहेत. विजेचे २,४६० हे २,६४० लिहिले गेले होते. नऊनं भाग गेला नाही तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधावी. तेवढी एखादी नोंद सापडली तर ती जमेऐवजी खर्चात गेलेली असते, किंवा उलट. हे दोन्ही करून फरक राहिला तर ‘फरक: इतके रुपये, शोध चालू’ असं चित्रावर लिहून टाकावं. किरकोळ खर्चात तो जिरवू नये.

चित्र पाठवताना एचडी निवडायचं. साध्या पाठवणीत ते दाबलं जातं आणि बारीक अक्षरातला १ कोणता, ९ कोणता, हे कळत नाही. रकमा उजवीकडे एका रेषेत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत. बाप्पाचा फोटो रकमांच्या मागं फिकट करून टाकायचा मोह आवरावा. बँकेचा उतारा जोडायचा असेल तर खाते क्रमांक आणि पाठवणाऱ्यांची नावं झाकून. शेवटच्या चित्रावर पावतीपुस्तकं आणि बिलं कुठं, कोणत्या रविवारी, किती ते किती पाहायला ठेवली आहेत ते. येतात तीन-चार जण. तेवढे पुरतात.

पाठवल्यावर चूक निघाली तर चित्रातला आकडा बदलता येत नाही. ‘दुरुस्ती १’ असं वेगळं चित्र टाकायचं, आधीचा आकडा आणि नवा आकडा दोन्ही दाखवून. जुनी पोस्ट काढून टाकली तर तिचा फोटो कोणाकडे तरी असतोच, आणि मग प्रश्न आकड्याचा राहत नाही.

तारीख केव्हाची धरायची, हा खानदेशातला खास पेच. अनंत चतुर्दशीला मेहरूण तलावावर विसर्जन होतं आणि दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद पौर्णिमेला, कॉलनीतल्या मुलींची भुलाबाई बसते. मंडपातलं एखादं टेबल, दिव्यांची एखादी माळ तिकडे जाते, आणि कोजागिरीपर्यंत मंडळाकडून खाऊही मागितला जातो. तो द्यावाच. पण गणपतीचा हिशोब विसर्जनाच्या रात्री बंद करायचा आणि खाऊचे पैसे त्या १२,६६० मधून नव्या पानावर खर्ची टाकायचे. नाहीतर कोजागिरी उलटेपर्यंत हिशोब उघडाच राहतो, दिवाळी येते, आणि चित्र काही निघत नाही.